सोयाबीनच्या बॅगा मोजताना: मार्केट सायझिंग मोठ्यानं कसं मांडायचं

“लातूर जिल्ह्यात एका खरिपात सोयाबीन बियाण्याचा बाजार किती रुपयांचा?”

कन्सल्टिंगच्या केस इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून सराव करून घेताना आम्ही हा प्रश्न मुद्दाम लवकर देतो. लातूर, नांदेड, परभणीकडच्या उमेदवाराला तो आपल्या अंगणातला वाटतो आणि बहुतेक जण नेमके तिथंच अडकतात. पुढं हा एकच प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेला आहे, साधारण पंधरा मिनिटांत होतो तसा. कुठं बोलायचं, कुठं थांबायचं आणि चूक कुठं होते, हे त्या ओघातच येईल.

प्रश्न ऐकल्यावर पहिली चूक दहा सेकंदांत होते. उमेदवार कागदावर लिहितो, “लोकसंख्या 25 लाख”. आकडा बरोबर आहे, 2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. पण सुरुवात चुकली. साबण, चहा, मोबाइल यांचे प्रश्न सोडवून हाताला सवय लागलेली असते, की माणसं घ्यायची, माणसी वापर घ्यायचा आणि गुणायचं. बियाणं माणूस खात नाही, ते जमिनीत जातं. म्हणून काही लिहिण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारायची: या मालाची एक बॅग जास्त कधी खपते? गावात एक माणूस वाढला म्हणून खपत नाही, सोयाबीनचा पेरा एक एकरानं वाढला की खपते. तेव्हा मोजायचं एकक एकर. पाण्याच्या जारसाठी ते घर असेल, ट्रॅक्टरच्या टायरसाठी ट्रॅक्टर असेल. हे एकक चुकलं तर पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही उत्तर हवेत राहतं.

दुसरी पायरी प्रश्न नीट समजून घेण्याची. इथं दोन-तीन प्रश्न पुरतात, पण त्यातल्या प्रत्येकानं उत्तर बदललं पाहिजे. उमेदवारानं म्हणावं:

“सर, सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचारतो. बाजार म्हणजे शेतकऱ्यानं पैसे देऊन विकत घेतलेलं बियाणं, की पेरलेलं सगळं बियाणं, घरचं धरून? आणि किंमत शेतकरी दुकानात देतो ती धरू, की कंपनीला मिळते ती?”

यातला पहिला प्रश्न या केसचा कणा आहे. सोयाबीनचं बियाणं घरी राखता येतं, त्यामुळे पेरलेलं आणि विकलेलं यांत फार मोठी दरी आहे. समोरचा म्हणतो, “फक्त विकत घेतलेलं, शेतकऱ्याच्या खिशातून गेलेली रक्कम.” झालं. याउलट “सर, सेंद्रिय शेतीसुद्धा धरायची का?” अशा प्रश्नानं उत्तर तसूभरही हलत नाही. तो विचारला की समोरच्याला कळतं, हा वेळ काढतोय.

मग एक मिनिट मागून घ्यायचं. उघडपणे मागायचं, “मला एक मिनिट द्या, मांडणी करतो,” आणि खरंच गप्प बसायचं. कागद आडवा धरायचा. डावीकडं हवं ते उत्तर लिहायचं आणि उजवीकडं त्याच्या फांद्या काढायच्या. या मिनिटात आकडे लिहायचे नाहीत. कागदावर एवढंच यायला हवं:

```
बाजार (रु.) = सोयाबीनचा पेरा (एकर)
            × बियाणं (किलो / एकर)
            × विकत घेतलेला वाटा
            × भाव (रु. / किलो)
```

मिनिट संपलं की हे आधी बोलून दाखवायचं. “मी चार गोष्टी काढणार आहे. जिल्ह्यात सोयाबीन किती एकरांवर आहे, एकरी बियाणं किती लागतं, त्यातलं विकत किती घेतलं जातं, आणि किलोचा भाव. पहिल्या तिन्हींतून किलो निघतील, चौथ्यानं रुपये. सगळ्यांत जास्त अनिश्चितता तिसऱ्या गोष्टीत आहे, म्हणून तिथं थोडा थांबेन. ही मांडणी ठीक वाटते का?” शेवटचं वाक्य नम्रतेपोटी नाही. मांडणीत काही सुटलं असेल तर समोरचा आत्ताच बोट ठेवतो. आकडे मांडून झाल्यावर तेच बोट पडलं तर अख्खा कागद फाडावा लागतो.

आता पेरा. बरेच जण इथं “मला जिल्ह्याचं क्षेत्रफळ माहीत नाही” म्हणून गळपटतात. माहीत असण्याची गरजही नाही. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3.08 लाख चौरस किलोमीटर आणि जिल्हे 36, म्हणजे सरासरी जिल्हा साडेआठ हजारांचा. नकाशावर लातूर सरासरीपेक्षा लहान दिसतो, म्हणून 7,000 धरू. खरा आकडा 7,157 आहे, पण तो पाठ असल्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. 7,000 पर्यंत कसे आलात ते ऐकवल्याचे मिळतात.

एका चौरस किलोमीटरमध्ये 100 हेक्टर, म्हणजे जिल्हा 7 लाख हेक्टरचा. जंगल नावापुरतंच, जमीन बहुतेक लागवडीखाली. गावठाण, रस्ते, माळरान वगळून 80 टक्के धरले तर 5.6 लाख हेक्टर. त्यातलं खरिपात सोयाबीन किती? मांजरा आणि तेरणेच्या काठचा ऊस, तूर, थोडे मूग-उडीद सोडले तर बाकी सगळीकडं सोयाबीनच दिसतं. पुन्हा 80 टक्के घेऊ. येतात 4.48, म्हणजे साडेचार लाख हेक्टर. अडीचनं गुणून सव्वाअकरा लाख एकर, आणि दोन्ही वेळा हात थोडा सैल सोडलाय म्हणून खाली वळवून 11 लाख एकर.

हे शेवटचं वाक्य मोठ्यानंच बोलायचं: “दोनदा वर वळवलं होतं, म्हणून आता खाली वळवतो.” न बोलता आकडा बदलला तर ऐकणाऱ्याला ती चूक वाटते. बोलून बदलला तर तोच तोल सांभाळणं ठरतो.

हेक्टर-एकर हा आपल्याकडचा नेहमीचा खड्डा आहे. कृषी खात्याचे आकडे हेक्टरात, शेतकऱ्याचं बोलणं एकरात, उमेदवाराच्या डोक्यात दोन्ही. मधला अडीचचा गुणाकार राहून गेला तर उत्तर अडीच पटीनं कमी येतं, आणि ते इतकं वेडंवाकडं दिसत नाही की डोळ्यांत भरावं. यावर एकच औषध आहे: कागदावर एकही आकडा एककाशिवाय लिहायचा नाही. नुसतं 4.5 नाही, “4.5 लाख हे.” पुढच्या ओळीत “11 लाख ए.” दोन ओळींची एककं जुळली नाहीत की हात आपोआप थांबतो.

एकरी बियाणं सोपं आहे. एकराला तीस किलोची एक बॅग हे गणित सोयाबीनच्या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. टोकण केलं किंवा रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर कमी लागतं, उगवण कमी असेल तर जास्त. 30 धरायचे आणि पुढं जायचं. 11 लाख एकर गुणिले 30, म्हणजे 330 लाख किलो.

नेमकं इथंच आपल्या भागातला उमेदवार वाहवत जातो. वाण कोणता, कुठला लवकर येतो, कशाला येलो मोझॅक लागतो, तुरीचं आंतरपीक असेल तर किती ओळी, सगळं त्याला सांगायचं असतं. घरची माहिती आहे, जीभ थांबत नाही. पण वाण बदलल्यानं एकरी किलो फारसे बदलत नाहीत आणि आंतरपिकानं बदलतात ते थोडेच. “आंतरपिकामुळे दहाएक टक्के कमी होऊ शकतं, सध्या सोडून देतो,” एवढं एक वाक्य पुरतं. घरच्या माहितीची खरी गरज पुढच्या पायरीला आहे, तिथं ती राखून ठेवायची.

विकत घेतलेला वाटा. पुण्या-मुंबईचा तयारीचा उमेदवार ही फांदी बहुतेक काढतच नाही. तो 330 लाख किलोला भावानं गुणतो आणि तिप्पट उत्तर देऊन मोकळा होतो. ज्याच्या घरी सोयाबीन आहे त्याला माहीत असतं की मळणीनंतर चांगला माल वेगळा काढून पोत्यांची थप्पी न लावता ठेवतात, आणि मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजतात. सत्तरच्या वर निघाले तर ते पेरायला चालतं. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी वाण बिघडत नाही. बिघडते ती उगवण, कारण दाण्याचं टरफल पातळ असतं आणि पोतं आपटलं तरी अंकुराला इजा होते.

आता याचा आकडा कसा करायचा? “मला वाटतं तीस टक्के” म्हटलं की समोरचा विचारणारच, कशावरून. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं घरचं वापरा आणि तिसऱ्या वर्षी बदला, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तेवढा धागा धरायचा:

“शेतकरी तीन वर्षांतून एकदा बियाणं बदलतो असं धरलं, तर कुठल्याही एका वर्षी एकूण पेऱ्याच्या एक तृतीयांशासाठी विकतचं बियाणं लागेल. काही जण दरवर्षी बदलतात, काही चार-चार वर्षं घरचंच पेरतात. ते एकमेकांना भागतील असं समजून एक तृतीयांशावर थांबतो.”

हे बोलायला पंधरा सेकंद लागतात. टक्केवारी आठवणीतून आली नाही, वागणुकीतून आली. त्यामुळे समोरच्याला वाद घालायचा असेल तर तो तुमच्या आकड्याशी न घालता “तीन वर्षं” या गोष्टीशी घालतो, आणि ती गोष्ट बदलली तर उत्तर किती बदलेल हे दोघांनाही लगेच दिसतं.

330 लाख किलोचे एक तृतीयांश, 110 लाख किलो.

भाव. बियाणं हे धान्यच, फक्त प्रतवारी करून, उगवण तपासून, बॅगेत भरून आलेलं. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 ला क्विंटलला 4,892 रुपये होता, म्हणजे किलोला 49. निवड, साठवण, तपासणी, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन आणि कंपनीचा नफा धरून दुप्पट घेऊ, किलोला 100 रुपये. बॅग तीन हजारांची होते.

110 लाख किलो गुणिले 100 रुपये. बरेच जण इथं शून्यं मांडत बसतात आणि गडबडतात. लाखाला शंभरानं गुणलं की कोटी होतात, म्हणून सरळ 110 कोटी रुपये. मुलाखत इंग्रजीत असेल आणि समोरचा मिलियनमध्ये बोलत असेल तरी सगळं गणित लाख-कोटीतच करावं, शेवटी एकदाच बदलावं: एक कोटी म्हणजे दहा मिलियन, म्हणून 1,100 मिलियन. मध्येच भाषा बदलली की एक शून्य हमखास पडतं.

गणित करताना तोंड बंद ठेवायचं नाही, पण प्रत्येक बेरीजही सांगायची नाही. “आता किलोला भावानं गुणतो” म्हणायचं, कागदावर करायचं, उत्तर आलं की एककासह म्हणायचं. पाच-सात सेकंदांची शांतता कुणाला खुपत नाही. अर्धं मिनिट शांतता गेली की समोरच्यानं तुमचा धागा सोडलेला असतो.

110 कोटी आले म्हणून लगेच पेन खाली ठेवायचं नाही. आता पडताळा, आणि तो वेगळ्या वाटेनं आला पाहिजे. त्याच फांद्या उलट्या क्रमानं गुणून तेच उत्तर काढणं हा पडताळा नव्हे.

पेऱ्याचा पडताळा माणसांकडून घेता येतो. सुरुवातीला बाजूला ठेवलेली लोकसंख्या इथं कामाला येते. साडेचोवीस लाखांतले पाऊण ग्रामीण धरले तर जवळपास 18 लाख, पाच जणांचं घर धरलं तर 3.6 लाख घरं. त्यातल्या अडीच लाख घरांकडं जमीन आहे आणि घरटी चार एकर सोयाबीन असं धरलं तर 10 लाख एकर होतात. जमिनीच्या वाटेनं 11 आले होते, घरांच्या वाटेनं 10. ठीक आहे.

पण यानं फक्त पेरा तपासला. खरी शंका एक तृतीयांशाबद्दल होती, तिला हात लागलेला नाही. आम्ही सरावात इथं मुद्दाम विचारतो, “मग तो वाटा कसा तपासाल?” आणि बहुतेक जण घरांच्या गणिताकडंच परत जातात. उत्तर रस्त्यावर आहे. 110 लाख किलो म्हणजे 11,000 टन. ट्रकमागे दहा टन धरले तर 1,100 ट्रक. बियाणं येतं ते मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, साधारण 45 दिवस. म्हणजे दिवसाला 25 ट्रक, आणि लातूर जिल्ह्यात तालुके दहा, तेव्हा तालुक्याला रोज दोन-तीन. औसा किंवा निलंग्यासारख्या तालुक्यात हंगामात बियाण्याचे रोज दोन-तीन ट्रक उतरणं पटतं. सगळंच बियाणं विकतचं असतं तर तालुक्याला रोज सात-आठ ट्रक, तेही दीड महिना, लागले असते. ते जड वाटतं. यानं एक तृतीयांश सिद्ध होत नाही, पण “सगळं” ही शक्यता मागं पडते, आणि एवढ्या वेळात तेवढंच हवं असतं.

यानंतर समोरचा ढकलून पाहतो. “एक तृतीयांश मला पटत नाही. निम्मे शेतकरी विकत घेतात.” दोन चुकीच्या प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. एक जण ताबडतोब “हो सर, बरोबर, निम्मं करतो” म्हणतो. दुसरा आपलाच आकडा कवटाळून बसतो. म्हणायचं असं: “निम्मं धरलं तर बाजार 110 वरून 165 कोटींवर जातो. पेऱ्यात मी दहा टक्के चुकलो असेन तर फरक 11 कोटींचा पडतो, म्हणजे या आकड्याचं वजन सगळ्यांत जास्त आहे. निम्म्यामागचं कारण सांगितलंत तर बदलतो. आदल्या वर्षी काढणीला पाऊस लागून घरचं बियाणं भिजलं असेल, तर तुमचा आकडा मला जास्त पटेल.” पट्टा दिला, कुठलं गृहीतक जड ते सांगितलं आणि कुठल्या परिस्थितीत मत बदलेल तेही सांगितलं.

या केसमध्ये आम्ही राखून ठेवलेला शेवटचा प्रश्न असा: “मृगाचा पाऊस येऊन गेला, पेरण्या झाल्या, मग तीन आठवडे उघडीप. दहा टक्के क्षेत्रावर दुबार पेरणी. बाजार किती वाढेल?”

जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, दहा टक्के. 110 चे 121.

थांबून फांद्यांकडं पाहिलं तर वेगळं दिसतं. दहा टक्के क्षेत्र म्हणजे 1.1 लाख एकर, म्हणजे 33 लाख किलो बियाणं. पहिल्या पेरणीत त्यातलं एक तृतीयांशच विकतचं होतं. दुसऱ्या वेळी घरच्या कणगीत काही उरलेलं नसतं. राखलेलं होतं ते जमिनीत गेलं आणि तिथंच वाळलं. आता जवळपास सगळंच दुकानातून आणावं लागणार. 33 लाख किलो गुणिले 100, म्हणजे 33 कोटी. दुबार पेरणी दहा टक्क्यांवर, बाजार तीस टक्क्यांनी वर. काही जण सोयाबीनचा नाद सोडून तूर टाकतील, काहींकडं अर्धं पोतं उरलेलं असेल, म्हणून त्याचं निम्मं धरा. तरीही पंधरा टक्के, आणि तेही दहाच्या वरच. शिवाय भाव 100 वर टिकेल हे गृहीतकही अशा वेळी डळमळीत असतं, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानात माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असतं.

सुरुवातीला “विकत घेतलेलं की पेरलेलं?” हे न विचारणाऱ्याला हे उत्तर सापडत नाही, कारण त्याच्या कागदावर ती फांदीच नसते. तो दहा टक्क्यांवर अडकतो आणि आपण कुठं चुकलो ते त्याला दिसतही नाही.

शेवटी उत्तर सांगताना क्रम उलटा ठेवायचा. मोजताना पेऱ्यापासून निघालो होतो, सांगताना रकमेपासून निघायचं: “माझ्या अंदाजानं बाजार वर्षाला सुमारे 110 कोटींचा आहे, 90 ते 165 च्या पट्ट्यात. पट्टा एवढा रुंद आहे तो मुख्यतः घरच्या बियाण्याच्या वाट्यामुळे. आणखी एक दिवस मिळाला तर मी दोन-तीन तालुक्यांतल्या कृषी सेवा केंद्रांची विक्रीची नोंदवही पाहीन आणि कृषी विभागाच्या खरीप आढाव्यातली बियाण्याची मागणी तिच्याशी ताडून बघेन.” तीन वाक्यं, वीस सेकंद. परत सगळ्या फांद्या वाचून दाखवणाऱ्याचं ऐकता ऐकता समोरचा घड्याळाकडं बघायला लागतो.

ज्यांचं हे नीट बसतं त्यांना आम्ही लगेच दुसरा प्रश्न टाकतो: हेच जालना जिल्ह्यात कपाशीच्या बियाण्यासाठी करा. वरकरणी तीच केस, पण कपाशीचं बियाणं संकरित, ते घरी राखून पेरलं तर पीक सारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकतच घ्यावं लागतं. विकत घेतलेल्या वाट्याची फांदी गळून पडते, एकक किलोऐवजी पाकीट होतं, आणि दहा टक्के दुबार लागवडीनं बाजार दहाच टक्के वाढतो. जो उमेदवार बोलायला लागण्याआधी कागदावरची ती एक ओळ खोडतो, त्याला पुढचे आकडे आम्ही बऱ्याचदा विचारतही नाही.